हा आकडा नेमका कुणाचा?

फलटण तालुक्यातल्या एका वस्तीवर दुपारचे साडेचार वाजलेत. पत्र्याच्या गोठ्यात अकरा जनावरं आहेत आणि त्यांतली दोन आज माजावर आहेत. तिसऱ्या वेताची चंद्री पहाटे धारेच्या वेळी हंबरत होती, स्वच्छ लांब सोट टाकत होती. राणी कालवड सात वाजता शेजारणीच्या उडीखाली स्थिर उभी राहिली. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरायची, हे या घरात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे फोन सकाळीच गेलेला आहे. आता मोटारसायकलला नायट्रोजनचं छोटं भांडं बांधून कृत्रिम रेतन करणारे गृहस्थ आलेत. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. हात धुवायच्या आधीच ते ओसरीवरच्या खाटेवर एक छापील कागद पसरतात. त्यावर वळूंच्या नावांपुढे आकड्यांचे रकाने आहेत. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसून बघतोय.

घरधनी कागदाकडे न बघता म्हणतात, "डॉक्टर, ती सात हजारवाली आणलीय का? गावात सगळे तीच भरतायत."

"सात हजार दूध कुणाचं, दादा?"

"वळूच्या आईचं."

"मग ते आईचं झालं. वळूच्या लेकींचं किती?"

ते कुठेच लिहिलेलं नाही. डॉक्टर भांड्याकडे बोट दाखवतात. ती कांडी त्यांच्याकडे आहे, वळू निरोगी आहे, केंद्र चांगलं आहे, कांडीत काही खोट नाही. पण आईचं दूध हा वळूचा पुरावा नव्हे. आईने दिलेल्या सात हजार किलोंत तिच्या रक्ताचा वाटा किती आणि तिला मिळालेल्या खुराकाचा, गारव्याचा, देखभालीचा वाटा किती, हे त्या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय आई वळूला स्वतःचं अर्धंच देते, आणि कोणतं अर्धं दिलं ते बाहेरून दिसत नाही.

हे घरातल्या वहिनींना समजावून सांगावं लागत नाही. त्या गोठ्याकडे बघून म्हणतात, "आपल्या दोघी बहिणी बघा की. आई एक, कांडीसुद्धा एकाच वळूची, चारा एकाच गव्हाणीतला. एक एकोणीस लिटर देते, दुसरी तेरावर अडलीय."

"हेच," डॉक्टर म्हणतात. "सख्ख्या बहिणींत एवढा फरक, तर सख्ख्या भावांतही असणारच. कोणत्या भावाने चांगलं उचललं, ते त्याच्या लेकी दुधात आल्यावर कळतं."

लेकी दुधात आल्यावर जे कळतं त्याला सिद्धता म्हणायचं. भारतात केरळने संकरित वळूंची अशी कन्या-चाचणी सत्तरच्या दशकात सुरू केली. पुढे राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या मदतीने गुजरात, हरियाणा, तमिळनाडू अशा राज्यांत गायी-म्हशींच्या जातींसाठी हे काम वाढलं. आज खाटेवर जो कागद आहे तो मात्र अमेरिकेतल्या होल्स्टीन वळूंचा आहे, कारण त्यांच्या कांड्या इकडे मिळतात आणि त्यांच्या मागचे रकाने सगळ्यांत भरलेले आहेत. तिथे हे मूल्यांकन वर्षातून तीनदा, एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये नव्याने निघतं.

डॉक्टरांनी तीन वळूंवर पेनने खुणा केल्यात. नावं इंग्रजी आणि लांबलचक आहेत. घरात त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असंच म्हणतायत, मीही तेच म्हणतो.

पहिल्यापुढे दुधाच्या रकान्यात अधिक १४०० आहे, दुसऱ्यापुढे अधिक ५००, तिसऱ्यापुढे अधिक ७००. घरधन्यांचं बोट आपोआप पहिल्यावर जातं. डॉक्टर ते उचलून शेजारच्या बारीक रकान्यावर ठेवतात.

"आधी हे वाचायचं. विश्वासार्हता. ९७ टक्के, ९५, ९४."

हा आकडा वळू किती चांगला ते सांगत नाही. बाकीच्या आकड्यांवर किती भार टाकायचा, ते सांगतो. एका वळूच्या दहाच लेकी मोजल्या आणि त्या दहाही एकाच गोठ्यातल्या निघाल्या, तर आकड्यात वळू किती आणि त्या गोठ्याचा मुरघास किती, हे कुणी सांगू शकणार नाही. लेकी शेकड्यांनी असल्या आणि वेगवेगळ्या मालकांकडे असल्या, की गोठ्यांचे गुण-दोष एकमेकांना छेद देतात आणि उरतो तो वळू. नव्वदच्या वरची विश्वासार्हता याच मार्गाने येते. ज्या तरुण वळूची अजून एकही लेक व्यायलेली नाही, त्याचा अंदाज आता रक्त तपासून, जनुकांवरून बांधतात. तो दुधाच्या बाबतीत सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात असतो. टाकाऊ नाही, पण पुढे लेकी आल्या की तो वर किंवा खाली सरकू शकतो. म्हणून अशा वळूच्या कांड्या घ्यायच्याच असतील तर एकाच्या दहा घेण्यापेक्षा चार-पाच वळूंच्या दोन-दोन घ्याव्यात, असं डॉक्टर सांगतात.

घरधनी आत जाऊन एक जुनं पत्रक घेऊन येतात. त्यात दुसऱ्या वळूपुढे दूध अधिक १२५० छापलंय. "हा तोच आहे ना? मग आता ५०० कसा? उतरला का?"

डॉक्टर आधी पत्रकाच्या कोपऱ्यातलं वर्ष बघतात. वळू उतरलेला नाही, मोजपट्टीचा शून्य पुढे सरकलाय. तिथे दर पाच वर्षांनी तुलनेची पायरी बदलतात. एप्रिल २०२५ पर्यंत तुलना २०१५ साली जन्मलेल्या गायींशी होती, आता ती २०२० साली जन्मलेल्या गायींशी होते. मधल्या काळात गायीच सुधारल्या, त्यामुळे होल्स्टीनच्या प्रत्येक वळूच्या दुधाच्या आकड्यातून साधारण साडेसातशे पाउंड एकदम वजा झाले. म्हणून जुन्या कागदावरचा एक वळू आणि नव्या कागदावरचा दुसरा, अशी तुलना करायची नाही. आणि आकडा शून्य असला म्हणजे वळू नापास, असंही नाही. तिथल्या त्या वर्षीच्या सरासरीइतका, एवढाच त्याचा अर्थ.

मग हिशोब सुरू होतो. वहिनींनी दुधाच्या वहीचं मागचं पान उघडलंय. पहिल्याचे १४०० पाउंड भागिले २.२, म्हणजे सुमारे ६३५ किलो. हे ३०५ दिवसांच्या वेताचं, म्हणजे दिवसाला दोन किलोंच्या थोडं वर. दुसऱ्याचे ५०० पाउंड म्हणजे २२७ किलो, दिवसाला पाऊण किलो.

"म्हणजे पहिल्याची लेक दुसऱ्याच्या लेकीपेक्षा दिवसाला सव्वा लिटर जास्त देणार," घरधनी म्हणतात.

"तिथे. आणि वळूची नव्हे, त्याच्या लेकीची गोष्ट आहे ही, बरोबर वाचलंत. पण इथे तेवढा फरक उतरेलच असं नाही."

हे डॉक्टर ठासून सांगतात. तिथल्या गायींचा खुराक वेगळा, हवा वेगळी. जिथे चारा तोकडा आणि उन्हाळा कडक, तिथे वळूवळूंतला फरक आक्रसतो. अर्ध्यावर आला तरी नवल नाही. कागदावरचा आकडा लिटरचं वचन देत नाही. कोण पुढे, कोण मागे, हा क्रम तो सांगतो आणि तो क्रम बहुतेक वेळा इथेही टिकतो.

आता फॅटचा रकाना. इथे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत, एक पाउंडांत, एक टक्क्यांत, आणि घोटाळा इथेच होतो. पहिल्या वळूच्या फॅटपुढे अधिक १८ पाउंड आहे. अधिक दिसलं की वाटतं, चला, फॅटही वाढणार. पण शेजारी टक्क्याच्या रकान्यात वजा ०.१३ आहे. दूध खूप वाढलं, फॅटचं वजन थोडंच वाढलं, म्हणून प्रत्येक लिटरमागे फॅट पातळ झालं. दुसऱ्याचं उलट आहे. दूध कमी वाढलं, पण फॅट ४८ पाउंड, म्हणजे वेताला जवळजवळ २२ किलो. टक्का अधिक ०.१०.

वहिनी लगेच पॉइंटात बोलू लागतात, कारण डेअरीच्या पावतीवर तेच असतं. "पहिल्याने सव्वा पॉइंट खाली, दुसऱ्याने एक पॉइंट वर. सव्वादोन पॉइंटांचा फरक."

आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटाला कपात होते. चंद्री बावीस लिटर देते, पण तिचं फॅट ३.२ च्या आसपास आहे. हे वहिनींना माहीत आहे, कारण त्यांनी तिचं दूध वेगळं नेऊन डेअरीच्या यंत्रावर तपासलंय. सकाळचं ३.१ आणि संध्याकाळचं ३.४ लागलं. नमुना पूर्ण धार काढून, बादली ढवळून घेतलेला. सुरुवातीच्या धारेचा घेतला असता तर फॅट कमी लागलं असतं आणि शेवटच्या धारेचा घेतला असता तर जास्त. गाय तीच असून पावती खोटी बोलली असती.

डॉक्टर उठून गव्हाणीपाशी जातात. मुरघास मुठीत घेऊन बघतात, शेण बघतात, बसलेल्या गायींपैकी किती रवंथ करतायत ते मोजतात. "वहिनी, पेंड किती चालू आहे?" चंद्रीला दोन वेळचं मिळून नऊ किलो पशुखाद्य जातं आणि कडबा हाताला लागेल तेवढा.

"मग हे फॅट आधी गव्हाणीत सुधारा. खुराक एकदम जास्त आणि कडबा कमी पडला की पोटात आम्लता वाढते, रवंथ कमी होतो आणि फॅट घसरतं. कडबा कुट्टी वाढवा, खाद्य तीन-चार वेळांत विभागून द्या. पंधरा-वीस दिवसांनी परत नमुना न्या. कांडीचं फॅट आज दिसत नाही. चंद्री नऊ महिन्यांनी विणार, तिची कालवड अडीच वर्षांची होऊन व्यायली की ते दिसणार."

म्हणजे तीन वर्षांहून जास्त. वळूचा कागद वाचताना हा काळ डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. आजच्या पावतीवरचा राग काढायला कांडी निवडली तर चूक होते. पण चंद्रीला चांगल्या चाऱ्यावरही फॅट कमीच लागत आलंय, मागच्या वेताच्या नोंदीही तेच सांगतात. त्यामुळे तिच्या लेकीला फॅटचं बळ वळूकडून मिळायला हवं, यावर घरात एकमत होतं.

"पण डॉक्टर, दुसऱ्याची कांडी धरत नाही म्हणतात." घरधन्यांनी हे कुठेतरी ऐकलंय.

डॉक्टर कागदावर दोन रकान्यांना पेनने गोल करतात. "प्रजननाचे इथे दोन आकडे आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक कांडीचा आहे, एक लेकीचा."

एससीआर हा रकाना कांडीचा. या वळूचं रेत वापरलं तर शंभर गायींत सरासरीपेक्षा किती जास्त किंवा कमी गाभण राहतात, तो आकडा. पहिल्याचा अधिक १, दुसऱ्याचा वजा अर्धा. म्हणजे दोघांत शंभराला दीड गायीचा फरक. डीपीआर हा रकाना लेकीचा. ती व्यायल्यावर किती लवकर पुन्हा गाभण राहते, ते तो सांगतो. याचा एक अंक म्हणजे व्यायल्यापासून गाभण राहीपर्यंतचे साधारण चार दिवस. पहिल्याचा वजा दीड आहे, दुसऱ्याचा अधिक दीड. तीन अंकांचा फरक, म्हणजे लेकीलेकींत बारा दिवस. तेही एकदा नाही, दर वेताला.

"बारा दिवस जास्त रिकामी राहिली तर बारा दिवसांचं खाणं फुकट, आणि पुढचं वेत तेवढं लांबलं," वहिनी म्हणतात. गोठ्याच्या कोपऱ्यात त्यांची एक गाय आहे, जी तीनदा उलटलीय. तिच्या पानावर वहिनींनी भरलेल्या तारखा एकाखाली एक लिहिल्यात, मध्ये एकवीस-बावीस दिवसांचं अंतर ठेवून. अशा गायीचं दुखणं एका आकड्यात मावत नाही. ते त्या पानावर दिसतं.

डॉक्टर स्वतःची वही काढतात. त्यांनी दोन्ही वळू या भागात वापरलेत. पहिल्याच्या वीस गायींपैकी अकरा गाभण राहिल्या, दुसऱ्याच्या वीसपैकी नऊ. घरधनी म्हणतात, "हे बघा, पहिलाच चांगला धरतो."

"विसात दोनचा फरक हा योगायोगानेही पडतो, दादा. नाणं वीसदा उडवलं तर अकरा-नऊ सहज येतं. यावरून वळू पास-नापास करायचा नाही. विसात तीनच राहिल्या असत्या, तर मी आधी भांड्यातला नायट्रोजन बघितला असता, मग माझा हात बघितला असता, आणि मग वळूवर आलो असतो."

कांडी न धरण्याची बहुतेक कारणं गोठ्यात आणि वाटेत असतात, यावर त्यांचा भर आहे. माज उशिरा ओळखला, भांड्यातला नायट्रोजन खाली गेला, कांडी नीट वितळवली नाही, गर्भाशयाला सूज होती. शंभरातल्या दीड गायीच्या फरकासाठी दुसऱ्या वळूला नाकारायचं आणि त्याच्या लेकीचे बारा दिवस घालवायचे, हा सौदा परवडत नाही.

एक तपासणी उरलीय. "चंद्रीचा बाप कोण?"

वहिनी चंद्रीचं पान काढतात. वरच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने एक रिकामी कांडी चिकटवलेली आहे, चंद्रीच्या आईला भरली होती ती. त्यावरचा वळूचा क्रमांक अजून वाचता येतो. डॉक्टर तो दुसऱ्या वळूच्या वंशावळीशी ताडून बघतात. तो त्याचा बाप नाही, आजाही नाही. नातं जवळचं निघालं असतं तर एवढे चांगले आकडेही बाजूला ठेवावे लागले असते. अनेक गोठ्यांत हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण कांडी उकिरड्यावर गेलेली असते.

चंद्रीला दुसरा, हे ठरलं. घरधनी म्हणतात, "मग राणीलाही त्याचीच भरून टाका. दोन कांड्या एकाच भांड्यातून."

डॉक्टर मान हलवतात आणि राणीकडे जातात. तिच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती टेप लावतात. वजन २७० किलोंच्या आसपास निघतं. मोठी झाल्यावर ही साडेचारशे किलोंची गाय होईल. त्याच्या साठ टक्के भरली, म्हणजे भरायला हरकत नाही. पण ती पहिलटकरीण आहे. तिचं पहिलं वासरू अरुंद वाटेतून येणार आहे. म्हणून तिच्यासाठी कागद उजवीकडून वाचायचा, दुधापासून नाही.

उजवीकडे विण्याच्या सुलभतेचे रकाने आहेत. इथेही दोन, आणि इथेही प्रश्न तोच, आकडा कुणाबद्दल आहे. एससीई हा आज पडणाऱ्या वासराबद्दल. या वळूचं वासरू पहिलटकरणीच्या पोटात असेल तर शंभरांतल्या किती अडतील, याचा अंदाज. इथे कमी आकडा चांगला. पहिल्याचा ३.४, दुसऱ्याचा ३.२, तिसऱ्याचा १.५.

"तीन टक्के काय आणि दीड काय!" घरधन्यांना फरक किरकोळ वाटतो.

"दुप्पट आहे, दादा. आणि हे टक्के तिथल्या थोराड कालवडींवरचे आहेत. आपली राणी त्यांच्यापेक्षा लहान. इथे टक्के हेच राहतील असं मी म्हणत नाही. पण तिथे ज्याची वासरं जड जातात, त्याची इथे हलकी जाणार नाहीत."

वहिनींच्या सासूबाई आतापर्यंत गप्प होत्या. त्या मधल्या खांबाला टेकून म्हणतात, "ती काळी कालवड आठवतीय का? चौघांनी ओढलं वासरू. मेलेलंच निघालं. वार अडकली, सहा महिने गाय माजावर आली नाही."

कुणी काही बोलत नाही. अडलेल्या विण्याचा खरा खर्च असा मागाहून येतो. वासरू जातं, वार राहते, गर्भाशय पिकतं, दूध चढत नाही आणि पुढचं गाभण लांबतं. शंभर किलो जास्त दुधाची आशा त्यातून भरून निघत नाही.

विण्याचा दुसरा आकडा डीसीई. तो आजच्या वासराबद्दल नाही, तर हे वासरू कालवड निघालं आणि मोठी होऊन स्वतः विऊ लागली, तर ती किती अडेल, त्याबद्दल आहे. तिसऱ्याचा तो २.० आहे. डॉक्टर हा मुद्दाम बघतात. पिढ्यान् पिढ्या फक्त हलकी वासरं देणारे वळू निवडत गेलो आणि लेकींच्या विण्याकडे बघितलंच नाही, तर आज सोपं केलेलं काम उद्याच्या कालवडीच्या अंगावर येऊ शकतं. तिसरा दोन्हीकडे बरा आहे. दूध मधलं, फॅटचा टक्का सरासरीला धरून, डीपीआर अधिक ०.८. कुठेच अव्वल नाही. राणीसाठी तोच योग्य.

"लिंगनिर्धारित चालेल का हिला?" वहिनी विचारतात. तिसऱ्याची तशी कांडी भांड्यात आहे. कालवडींवर ती तुलनेने बरी चालते, आणि पोटात कालवड असली तर वजनाने गोऱ्ह्यापेक्षा थोडी हलकी असते, तोही फायदा. पण तिच्यात शुक्रजंतू पुष्कळ कमी असतात, त्यामुळे माजाची वेळ आणि हात, दोन्ही अचूक लागतात. राणीचा माज सात वाजता डोळ्यांनी पाहिलेला आहे, सोट स्वच्छ आहे. घ्यायची ठरते. वासरू हलकं असलं तरी शेवटच्या दोन महिन्यांत राणीला खुराक चढवून लठ्ठ करायची नाही, हे डॉक्टर बजावतात. वाटेत चरबी साठली तर हलकं वासरूही अडतं.

आता कागद घडी होतो. गरम पाण्याच्या थर्मासमध्ये थर्मामीटर जातो, ३७ अंश. डॉक्टर भांड्याचं झाकण काढतात, पांढरी वाफ कडेवरून खाली उतरते. कांड्यांचा डबा ते गळ्याच्या खालीच धरतात, वर काढत नाहीत. वर उचलून शोधत बसलं की ज्या कांड्या आज वापरायच्या नाहीत त्याही बिघडतात. चिमट्याने एक उचलून थेट पाण्यात. मनात तीसपर्यंत मोजून बाहेर, कागदी रुमालाने कोरडी, कारण पाण्याचा थेंबही आतल्या जंतूंना मारतो. कापायच्या आधी ते ती उजेडात फिरवून बारीक छपाई वाचतात: केंद्राचा आकडा, जातीची अक्षरं, वळूचा क्रमांक, गोठवल्याची तारीख. वहिनी घडी उघडून कागदावरचा क्रमांक मोठ्याने वाचतात. जुळला. तो जुळला नाही तर तासभर वाचलेलं सगळं दुसऱ्याच वळूबद्दलचं ठरतं. मग कात्री, नळी, गन, आणि गन गार पडू नये म्हणून शर्टाच्या आत. आधी चंद्री, मग राणीसाठी पुन्हा तेच सगळं, नव्या कांडीने.

हात धुताना घरधनी विचारतात, "मग पहिला वळू वाईटच म्हणायचा का?"

उत्तर वहिनी देतात. त्या गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या तांबूकडे बघतायत. जर्सीच्या रक्ताची, चौथ्या वेताची, बारा लिटर दूध, फॅट ४.६, आणि दर वेळी पहिल्याच कांडीला गाभण. "तांबूला चालेल. दूध हवंय तिच्या लेकीला. फॅट सव्वा पॉइंट खाली आलं तरी डेअरी कापणार नाही. उलटत नाही, म्हणजे डीपीआर थोडा वजा असला तरी पेलेल. चारदा नीट व्यायलीय."

डॉक्टर थोडा विचार करतात. "अंगाने लहान आहे ती, आणि होल्स्टीनचं वासरू तिला मोठं. मागचं वासरू कोणत्या वळूचं होतं?"

"होल्स्टीनचंच. स्वतःहून व्यायली, हात लावावा लागला नाही."

"मग चालेल. पण पुढच्या कागदावर पहिल्याचा एससीई परत बघू, मगच भरू."

वहिनी दोन रिकाम्या कांड्या पुसून दोन पानांवर चिकटवतात, खाली तारीख आणि एकवीस दिवसांनंतरची तारीख लिहितात. मग तांबूचं पान काढून त्यावर पहिल्या वळूचा क्रमांक पेन्सिलीने लिहितात, पुढे प्रश्नचिन्ह, आणि त्याच्यापुढे एकच शब्द: वासरू.